अर्धा नफा घेतल्यावर स्टॉपचे काय होते? ब्रॅकेट, ओसीओ आणि गॅपविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून पाइन स्क्रिप्टमध्ये स्ट्रॅटेजी लिहून घेणारे किंवा स्वतःची स्क्रिप्ट आमच्या ब्रिजमार्फत ब्रोकरला जोडून घेणारे ग्राहक दोन तक्रारी वारंवार करतात. पहिली अशी, की पहिले टार्गेट लागल्यानंतर उरलेल्या मालाचा स्टॉप नाहीसा झाला किंवा फक्त खरेदीची स्ट्रॅटेजी असताना अचानक शॉर्ट पोझिशन उभी राहिली. दुसरी अशी, की स्टॉप 488 ला लावला होता, तरी सौदा 471 ला सुटला. पहिल्या तक्रारीत चूक जवळजवळ नेहमी स्क्रिप्टमध्ये असते आणि दुसरीत बहुधा कोणाचीच नसते. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की चांगली स्क्रिप्ट मोडून दुरुस्त करण्यात आपले आणि आमचे दोन-तीन दिवस जातात. त्यासाठी हे पत्रक काढले आहे. ब्रॅकेट म्हणजे एंट्रीसोबतचे टार्गेट व स्टॉप, आणि ओसीओ म्हणजे त्यांतील एक लागला की दुसरा रद्द, एवढे आपणांस ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

आकडे सोपे राहावेत म्हणून एक काल्पनिक उदाहरण पत्रकभर वापरू. एका शेअरच्या फ्युचरचा लॉट 50 चा आहे आणि आपण 500 रुपयांना सहा लॉट, म्हणजे 300 नग घेतले आहेत. स्टॉप 488 ला आहे. निम्मा माल 512 ला काढायचा आणि उरलेला 524 ला.

सर्व माल एकाच टार्गेटला काढायचा असेल, तर ‘एक लागला की दुसरा रद्द’ हा नियम पुरतो. निम्मा माल काढायचा ठरले, की तो नियम अपुरा पडतो, कारण टार्गेटने फक्त 150 नग विकलेले असतात आणि स्टॉप मात्र 300 नगांचा असतो. अशा वेळी स्टॉप रद्द व्हायला नको आणि आहे तसा राहायलाही नको. तो 150 वर उतरायला हवा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्क्रिप्टांत ही ओळ पुढीलप्रमाणे लिहिलेली आढळते.

```
strategy.order("T1", strategy.short, qty=150, limit=512, oca_name="B", oca_type=strategy.oca.cancel)
strategy.order("SL", strategy.short, qty=300, stop=488, oca_name="B", oca_type=strategy.oca.cancel)
```

`strategy.oca.cancel` लिहिल्यामुळे 512 ला 150 नग विकले जाताच स्टॉप संपूर्ण रद्द होतो आणि उरलेले 150 नग उघड्यावर पडतात. भाव पुढे 524 कडे गेला तर हे लक्षातही येत नाही. तो परत फिरला की मग फोन येतो. `oca_type` लिहिलेच नाही, तर ते मुळात `strategy.oca.none` धरले जाते आणि उलटे घडते. स्टॉप 300 चाच राहतो, भाव 488 ला आल्यावर 300 नग विकतो आणि हातात 150 च असल्यामुळे उरलेल्या 150 नगांचा शॉर्ट उभा राहतो. निदान करायला कोड वाचण्याची गरज नाही. बॅकटेस्टमधील सौद्यांची यादी उघडून पाहावी. फक्त खरेदीच्या स्ट्रॅटेजीत एकही शॉर्ट सौदा दिसला, तर स्टॉपची संख्या कमी होत नाही. पहिल्या टार्गेटनंतर उरलेला भाग 488 च्या खाली जाऊनही आठवडेच्या आठवडे उघडा राहिलेला दिसला, तर स्टॉप रद्द होत आहे.

यावर `strategy.oca.reduce` हा पर्याय आहे; त्यात गटातील एक ऑर्डर जितकी भरली जाते, तितकी संख्या बाकीच्या ऑर्डरींतून वजा होते. परंतु येथेही एक खाच आहे. गटात 512 ची 150, 524 ची 150 आणि स्टॉपची 300 अशा तीन ऑर्डरी ठेवल्या, तर पहिले टार्गेट लागताच दुसऱ्या टार्गेटमधूनही 150 वजा होऊन ते शून्यावर येते. त्यामुळे या पद्धतीत दुसरे टार्गेट 150 नव्हे तर 300 नगांचे लिहावे लागते. वाचताना ते चुकीचे वाटते, म्हणून ग्राहक ते ‘दुरुस्त’ करतात आणि पुन्हा आमच्याकडे येतात. हाच अनुभव वारंवार आल्यामुळे आम्ही शक्यतो ही पद्धत टाळतो आणि दोन स्वतंत्र ब्रॅकेट लिहितो.

```
strategy.exit("X1", "L", qty=150, limit=512, stop=488)
strategy.exit("X2", "L", limit=524, stop=488)
```

येथे `"L"` हे एंट्रीचे नाव आहे. प्रत्येक `strategy.exit` आपापल्या वाट्याचा माल राखून ठेवते. X1 चे टार्गेट लागले तर X1 चाच स्टॉप जातो आणि X2 ला धक्का लागत नाही. ओळींचा क्रम मात्र बदलू नये. संख्या न लिहिलेली X2 आधी आली, तर ती सगळेच्या सगळे 300 नग राखून ठेवते आणि X1 च्या वाट्याला काहीच उरत नाही. मग भाव 512 ओलांडून जातो, अर्धा नफा काही घेतला जात नाही आणि चूकसंदेशही येत नाही.

आता गॅपकडे येऊ. वरील सौद्यात सोमवारी पहिले टार्गेट लागले आणि 150 नगांवर 12 रुपयांप्रमाणे 1800 रुपये मिळाले. बंद भाव 506 होता. मंगळवारी फ्युचर 471 ला उघडले. स्टॉप 488 ला होता, परंतु 506 आणि 471 यांच्या मधल्या कोणत्याही भावाला सौदाच झाला नाही, त्यामुळे 488 ला विकत घेणारा कोणी नव्हता. बॅकटेस्ट अशा वेळी स्टॉपचा भाव न धरता उघडण्याचा भाव धरते, आणि ते योग्य आहे. उरलेल्या 150 नगांवर 29 रुपयांप्रमाणे 4350 रुपये गेले. एकूण सौदा 2550 रुपये तोट्यात. स्टॉप 488 ला लागला असता तर 1800 मिळवले आणि 1800 घालवले, असा हिशेब बरोबरीत सुटला असता. काही ग्राहक पहिल्या टार्गेटनंतर स्टॉप खरेदीच्या भावावर, म्हणजे 500 वर नेतात आणि ‘आता धोका शून्य’ असे म्हणतात. या उदाहरणात स्टॉप 500 वर असता तरी विक्री 471 लाच झाली असती. स्टॉप दिवसभरातल्या घसरणीपुरता बंदोबस्त करतो. रात्रीच्या गॅपला फक्त मालाची संख्या कमी ठेवणे हाच उपाय आहे.

एक्सेलमध्ये स्वतः बॅकटेस्ट करणाऱ्या ग्राहकांना एवढीच विनंती, की दिवसाचा नीचांक स्टॉपच्या खाली गेला म्हणून विक्रीचा भाव डोळे झाकून 488 लिहू नये. उघडण्याचा भाव 488 च्या खाली असेल तर तोच लिहावा. उलट बाजूने 524 चे टार्गेट असताना भाव 533 ला उघडला, तर बॅकटेस्ट 533 धरते. तेवढा फायदा कोणी तक्रार म्हणून सांगत नाही, हे ओघाने आले.

एकाच कॅंडलमध्ये टार्गेट आणि स्टॉप दोन्ही येत असतील, तर बॅकटेस्ट अंदाज करते. उघडण्याचा भाव उच्चांकाच्या जवळ असेल तर आधी उच्चांक आणि मग नीचांक, अन्यथा आधी नीचांक. अशा कॅंडल पुष्कळ असतील तर लहान कालावधीच्या कॅंडलवर पडताळणी करावी. `use_bar_magnifier=true` ही सोय त्यासाठीच आहे.

प्रत्यक्ष बाजारात गॅपचा त्रास बॅकटेस्टपेक्षा अधिक होतो, आणि येथे आमच्या ब्रिजच्या वागण्याचा खुलासा करणे आवश्यक आहे. फ्युचर्समधील स्टॉप ऑर्डर त्या दिवसापुरती असते. साडेतीन वाजता ती संपते आणि रात्रभर एक्स्चेंजकडे आपला कोणताही स्टॉप नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नव्याने पाठवावा लागतो. आम्ही ट्रिगरसोबत लिमिट असलेली स्टॉप ऑर्डर वापरतो. ऑप्शन्समध्ये तर एनएसईने सप्टेंबर 2021 पासून लिमिटशिवायची स्टॉप ऑर्डर बंदच केली आहे. समजा ट्रिगर 488 आणि लिमिट 486 आहे, आणि पहिलाच सौदा 471 ला झाला. ट्रिगर लागतो, पण ऑर्डर 486 ला विक्रीसाठी तशीच पडून राहते, कारण 486 देणारा कोणी नसतो. भाव 471 दिसल्यानंतर तीच ऑर्डर पाठवली, तर ट्रिगर चालू भावाच्या वर असल्यामुळे ती नाकारली जाते. बॅकटेस्ट ‘471 ला बाहेर’ दाखवते आणि खात्यात पोझिशन जशीच्या तशी असते. म्हणून आमचा ब्रिज मागील दिवसाची पोझिशन असेल तर सव्वानऊनंतरचा पहिला भाव पाहतो आणि तो स्टॉपच्या पलीकडे असेल तर स्टॉप न पाठवता थेट विक्री पाठवतो. त्यासाठी भाव किती खालीपर्यंत चालेल, हे आपण सेटिंगमध्ये भरावयाचे असते. तो रकाना शून्य ठेवू नये.

‘टार्गेटची ऑर्डर ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये का दिसत नाही?’ हा प्रश्नही येथेच सुटतो. 300 नगांचा स्टॉप आणि त्याच वेळी 150 नगांचे टार्गेट बाजारात ठेवले, तर विक्रीच्या ऑर्डरी 450 च्या होतात आणि हातात 300 च असतात. वरच्या 150 नगांवर ब्रोकर नव्या शॉर्टचे मार्जिन मागतो किंवा ऑर्डर नाकारतो. म्हणून बाजारात फक्त स्टॉप असतो आणि टार्गेट आमच्याकडे राहते. 512 आले, की ब्रिज आधी स्टॉप 300 वरून 150 वर आणतो आणि मग 150 ची विक्री पाठवतो. त्या तीन लॉटपैकी एकच लॉट विकला गेला आणि भाव परत फिरला, तर न विकलेली ऑर्डर रद्द करून स्टॉप पुन्हा 250 केला जातो. हा हिशेब आम्ही अलर्टवरून करत नाही, ब्रोकरने कळवलेल्या प्रत्यक्ष विक्रीवरून करतो. यामुळे काही क्षण 150 नगांना स्टॉप नसतो, हे आम्ही लपवत नाही. परंतु मार्जिनअभावी स्टॉपच नाकारला जाण्यापेक्षा आम्ही हा धोका पत्करतो. आणखी एक विनंती: ब्रिज चालू असताना मोबाइलवरून हाताने अर्धा माल विकू नये. विकल्यास ब्रिजमधील ‘पोझिशन पुन्हा वाचा’ हे बटण दाबावे, अन्यथा स्टॉप जुन्याच संख्येचा राहतो.

नवीन स्ट्रॅटेजी जोडण्यापूर्वी आम्ही तिची गॅप आणि अर्धवट विक्रीची चाचणी घेतो, म्हणून जोडणीला दोन दिवस अधिक लागतात. त्या दिवसांचे वेगळे शुल्क आकारले जात नाही. आपल्याकडे दुसऱ्याने लिहिलेली जुनी स्क्रिप्ट असेल, तर सौद्यांच्या यादीसह पाठवावी. स्टॉपची संख्या बरोबर उतरते की नाही, एवढे आम्ही विनामूल्य पाहून सांगतो आणि दुरुस्ती हवी असल्यास तिचा खर्च आधी कळवतो. कोणता शेअर घ्यावा किंवा स्टॉप किती ठेवावा, हे आम्ही सांगत नाही. तपासणीसाठी स्क्रिप्ट पाठवताना एंट्रीचे नाव, प्रत्येक टार्गेटची संख्या आणि लॉटचा आकार सोबत लिहावा. या तीन गोष्टी नसल्या तर पहिला फोन त्याच विचारण्यात जातो.