‘उणे’ कुठे हरवलं? रेकॉर्ड केलेल्या तासाच्या नोट्स काढताना

माझी भाची अकरावीत आहे. ती एका तासाला गैरहजर होती, म्हणून मैत्रिणीने तिला त्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवलं. विषय होता वनस्पतींमधलं पाण्याचं वहन. भाचीने ते फोनमधल्या एका अ‍ॅपकडून शब्दांत उतरवून घेतलं आणि मला म्हणाली, “मामा, याच्या नोट्स करून दे ना.” पन्नास मिनिटांचा तास होता. मिनिटाला १३० शब्द धरले तरी साडेसहा हजार शब्द होतात. त्यात ना परिच्छेद होते ना पूर्णविराम, आणि मधूनच ‘मागची बेंच, काय चाललंय?’

पहिला प्रश्न मथळ्यांचा होता. सर ‘आता मुद्दा दुसरा’ असं म्हणतीलच याची खात्री नसते. पण विषय बदलला की शब्द बदलतात. १९९०च्या दशकात मार्टी हर्स्ट या अमेरिकी संशोधिकेने याच निरीक्षणावर ‘टेक्स्टटायलिंग’ नावाची पद्धत उभी केली. मजकुराचे छोटे तुकडे पाडायचे, शेजारच्या दोन तुकड्यांत किती शब्द सामाईक आहेत ते मोजायचं, आणि जिथे हे साम्य एकदम घसरतं तिथे सांधा मानायचा. हे हातानेही जमतं. या तासात आधी मनुका, पटल, परासरण हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते, मग हायपोटॉनिक, हायपरटॉनिक, रससंकोच आले आणि शेवटी पोटेन्शियल, दाब, मेगापास्कल. म्हणजे तीन मथळे झाले. ‘पाणी’ मोजून मात्र काही हाती लागत नाही, कारण तो शब्द सगळीकडेच आहे. मराठीत आणखी एक खोच असते. पटल, पटलातून, पटलाच्या ही यंत्राला तीन वेगळी रूपं दिसतात, आपण ती एकच धरायची.

एक सांधा मला सरकवावा लागला. सरांनी कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं हे आधी रंगवून सांगितलं आणि मग हायपरटॉनिक हा शब्द काढला. शब्दमोजणीच्या हिशेबाने कैरी एकटीच पडते, ना मागच्या भागात ना पुढच्या. पण शिकवणारा माणूस उदाहरण आधी देतो आणि नाव मागून. म्हणून मथळा कैरीच्या आधी टाकला.

व्याख्या शोधताना वाटलं होतं की ‘म्हणजे’ शोधला की काम होईल. पण सरांचं प्रत्येक दुसरं वाक्य ‘म्हणजे’ने सुरू होत होतं! ‘म्हणजे काय झालं’, ‘म्हणजे बघा’. ‘याला आपण म्हणतो’ आणि ‘लिहून घ्या’ या खुणा जास्त भरवशाच्या निघाल्या. तरीही परासरणाची व्याख्या एका जागी नव्हती. ‘पाणी पटलातून जातं’ हे चौथ्या मिनिटाला होतं, ‘पटल सगळ्यांना आत सोडत नाही’ हे सहाव्याला आणि दिशा नवव्याला. तिन्ही जोडून अशी व्याख्या झाली: निवडक्षम पारपटलातून, पाणी जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे होणारा पाण्याच्या रेणूंचा प्रवास. व्याख्या पुरी आहे का हे बघायला तिच्यातला एकेक भाग झाकून पाहायचा. ‘निवडक्षम पारपटलातून’ झाकलं की उरतं ते साधं विसरण, अत्तराचा वास खोलीभर पसरतो तसं. म्हणजे तो भाग हवाच.

आता खरी अडचण. बाराव्या मिनिटाला लिहिलं होतं:

“हायपरटॉनिक मध्ये पेशी ठेवली ना मग पाणी आत जातं आणि ती फुगते ओके”

हे उलटं आहे. हायपरटॉनिक म्हणजे अतिपरासारी, बाहेरचं द्रावण जास्त संहत. अशा द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि ती आकसते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तर सर ‘हायपो’च म्हणाले होते, म्हणजे बाहेरचं द्रावण कमी संहत. पंख्याच्या घरघरीत शब्दाचा शेवट बुजला की बोलणं शब्दांत उतरवणारी प्रणाली आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. पण ‘हायपो’ आणि ‘हायपर’ दोन्ही तिथे सारखेच शोभतात, त्यामुळे संदर्भाची मदत होत नाही. शंभरात पाच शब्द चुकले तर फार नाही असं वाटतं, पण साडेसहा हजारांत ते सव्वातीनशे होतात. त्यातले तीनशे ‘तर’ आणि ‘ना’ असतील, त्यांचं काही बिघडत नाही. उरलेल्यांत एखादा हायपो असतो किंवा एखादा ‘नाही’ असतो. म्हणून नोट्समधल्या प्रत्येक मुद्द्यापुढे रेकॉर्डिंगमधली वेळ लिहिली. शंका आली की तेवढंच ऐकायचं.

दुसरी चूक ऐकूनही सापडली नाही. सर म्हणाले होते: “सोल्यूट पोटेन्शियल पॉइंट आठ, प्रेशर पॉइंट तीन, बाहेर पॉइंट सात, तर पाणी कुठे जाईल? बाहेर. हे इथे बघा.” उतरवलेल्या मजकुरात एकही शब्द चुकलेला नव्हता. तरी हे गणित चुकीचं आहे, कारण उण्याची चिन्हं फळ्यावर होती. तोंडी ती आलीच नाहीत.

सूत्र आहे Ψ = Ψs + Ψp, म्हणजे पाण्याचं एकूण पोटेन्शियल ही विद्राव्यामुळे येणाऱ्या आणि दाबामुळे येणाऱ्या पोटेन्शियलची बेरीज. जसं ऐकलं तसं मांडलं तर पेशीचं पोटेन्शियल ०.८ + ०.३ = १.१ मेगापास्कल येतं आणि बाहेरचं ०.७. पाणी जास्तीकडून कमीकडे जातं, म्हणजे बाहेर. उत्तर सरांच्या उत्तराशी जुळलं, आणि मी पुढे जाणारच होतो! अडवलं ते मनुकांनी. शुद्ध पाण्याचं पोटेन्शियल शून्य धरतात. पेशीचं खरंच १.१ असेल, तर साध्या पाण्यात ठेवल्यावरही तिच्यातून पाणी बाहेर जायला हवं. पण याच तासाच्या पहिल्या मिनिटांत सरांनी साध्या पाण्यात मनुका फुगवून दाखवल्या होत्या. विद्राव्य मिसळलं की पोटेन्शियल शून्याच्या खाली जातं. तेव्हा खरी मांडणी अशी: −०.८ + ०.३ = −०.५, बाहेर −०.७. पाणी −०.५ कडून −०.७ कडे, म्हणजे बाहेरच. दिशा तीच, आकडे वेगळे. मैत्रिणीकडून फळ्याचा फोटो मागवला तेव्हा चिन्हं तिथे होती.

म्हणून नोट्समध्ये आकडा उतरवताना दोन गोष्टी तपासल्या: उत्तर जुळतं का, आणि तोच आकडा तासातल्या दुसऱ्या एखाद्या उदाहरणाला खोटं पाडतो का. नुसत्या पहिल्या तपासणीने मी फसलो असतो.

संभाव्य प्रश्नांचं काम त्या मानाने सोपं गेलं. ‘महत्त्वाचं आहे’ या शब्दांवर विसंबलो नाही, सर ते सगळ्यालाच म्हणतात. सरांनी वेळ कुठे घालवला ते पाहिलं. हायपो आणि हायपर आळीपाळीने आले, तिथे ‘फरक स्पष्ट करा’ बसतो. कैरी म्हणजे ‘शास्त्रीय कारण लिहा’: लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटतं? सोडवलेल्या गणितातला एक आकडा बदलला की नवं गणित तयार. ज्या प्रश्नाचं उत्तर तासात आलं नव्हतं, त्याच्यापुढे तसं लिहून ठेवलं.

असा एकच प्रश्न होता, तो भाचीला आधी घातला: गणितातली तीच पेशी शुद्ध पाण्यात ठेवली आणि तिचं आकारमान फारसं बदललं नाही, तर समतोल आल्यावर दाब किती असेल? तिने मिनिटभर कागदावर खरडलं. बाहेर शून्य, म्हणजे आतही शून्य व्हायला हवं. विद्राव्याचं −०.८ तसंच राहिलं, तर दाब अधिक ०.८. “उणे फळ्यावर होतं म्हणून बरं,” ती म्हणाली, “नाहीतर दाबच उणे आला असता.”