बुटांचे तळ: रबर, फोम आणि पीयू यांची पार्श्वभूमी

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठरते, त्यामुळे चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक मिसळून तापवलेले रबर टिकाऊ करून दाखवण्यापूर्वी ते तळासाठी फारसे उपयोगी नव्हते. पुढे त्यात काजळीची पूड मिसळून त्याची झीज आणखी कमी करण्यात आली. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात दबून बसते, म्हणून ओल्या फरशीवरही त्याची पकड बरी राहते. अडचण वजनाची होती: भरीव रबराचा जाड तळ पायाला जड होतो आणि धक्काही फारसा शोषत नाही.

ही उणीव 1970 च्या दशकात धावण्याच्या बुटांमध्ये आलेल्या ईव्हीए या लवचिक प्लास्टिकच्या फोमने भरून काढली. त्यातील बंद, हवा भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे तळ हलका आणि मऊ झाला. मात्र वारंवार दबून त्या चपट्या होतात आणि पूर्ववत होत नाहीत. धावण्याच्या बुटांच्या आयुष्यासाठी साधारण 500 ते 800 किलोमीटरचा ढोबळ आडाखा सांगितला जातो. रोज चार किलोमीटर चालणारा माणूस सात महिन्यांच्या आत 800 किलोमीटर गाठतो, पण धावण्यापेक्षा चालताना पायावर बराच कमी भार येत असल्याने त्याचा फोम बहुधा अधिक काळ टिकतो. तळाच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या दिसू लागल्या किंवा बूट टेबलावर ठेवल्यावर एका बाजूला कलला, तर फोम बसला असे समजावे. शिवाय उघडा फोम लवकर घासला जातो, म्हणूनच चांगल्या बुटांत त्याखाली रबराचा थर असतो. माझ्या मते रोजच्या चालण्यासाठी हीच जोडी सर्वांत समंजस आहे.

पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानात ज्याला पीयू म्हणतात ते, ओटो बायर यांनी 1937 मध्ये जर्मनीतील लेव्हरकुझेन येथे शोधले. तळासाठीचे फेसाळ पीयू ईव्हीएपेक्षा जड असते, पण त्याची उशी अधिक काळ आकार धरून राहते आणि झीजही कमी होते. त्याचा खरा शत्रू वापर नसून दमटपणा आहे. पॉलिएस्टर प्रकारच्या पीयूमधील रासायनिक बंध हवेतील बाष्पाने हळूहळू तुटतात, आणि म्हणून काही वर्षे खोक्यात न वापरता ठेवलेला जोडही एखाद्या सकाळी चालताना तुकडे पडून निखळू शकतो. कोकणासारख्या दमट हवेत ही क्रिया वेग घेते. (जपून ठेवलेले बूट आधी जातात, ही यातली चीड आणणारी गोष्ट.) पॉलिईथर प्रकारचे पीयू पाण्याला जास्त दाद देत नाही, पण बाहेरून पाहून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. जुना जोड पुन्हा घालण्यापूर्वी तळाची कड अंगठ्याने दाबून पाहावी. ती चिकट लागली, भेगाळली किंवा तिचा भुगा पडला, तर तळ आतून गेलेला असतो.