सोळा आण्यांचा तक्ता

१ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्या रुपयाचे शंभर पैसे नव्हते, सोळा आणे होते. रुपयाखालची नाणी निम्म्यानिम्म्याने उतरत यायची: अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची आणि मग एक आणा. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला बायनरी, ऑक्टल, दशमान आणि हेक्साडेसिमलचा जो सोळा ओळींचा तक्ता पाठ करायला सांगतात, तो या चार नाण्यांनी जागेवर मांडता येतो.

समजा, ही चार नाणी तुमच्याकडे एकेकच आहेत आणि तेरा आणे द्यायचे आहेत. अधेली दिली, आठ झाले. पावली दिली, बारा झाले. चवली दिली तर चौदा होतील, म्हणून ती खिशातच राहू द्या. शेवटी आणा दिला. आता दिलेल्या नाण्यासाठी 1 आणि न दिलेल्यासाठी 0 असं मोठ्या नाण्यापासून लिहा: 1101. ही तेराची बायनरी. शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम अशी देता येते, आणि तीही एकाच रीतीने. म्हणून तक्त्यात बरोबर सोळा ओळी आहेत, आणि दोन ओळींची बायनरी कधी सारखी येत नाही.

| दशमान | बायनरी | ऑक्टल | हेक्स |
|---|---|---|---|
| 0 | 0000 | 0 | 0 |
| 1 | 0001 | 1 | 1 |
| 2 | 0010 | 2 | 2 |
| 3 | 0011 | 3 | 3 |
| 4 | 0100 | 4 | 4 |
| 5 | 0101 | 5 | 5 |
| 6 | 0110 | 6 | 6 |
| 7 | 0111 | 7 | 7 |
| 8 | 1000 | 10 | 8 |
| 9 | 1001 | 11 | 9 |
| 10 | 1010 | 12 | A |
| 11 | 1011 | 13 | B |
| 12 | 1100 | 14 | C |
| 13 | 1101 | 15 | D |
| 14 | 1110 | 16 | E |
| 15 | 1111 | 17 | F |

हेक्समध्ये रुपयाखालची सगळी रक्कम एकाच अंकात लिहायची असते. आपल्याजवळ अंक दहाच, म्हणून दहा ते पंधरासाठी A ते F ही अक्षरं घेतली. सोळा झाले की रुपया पुरा होतो, नवी जागा उघडते आणि 10 लिहिलं जातं. ऑक्टलमध्ये अधेली बाजूला ठेवायची. पावली, चवली, आणा या तिघांत सातपर्यंतच जाता येतं, म्हणून आठलाच नवी जागा.

आता एक खरी संख्या घेऊ. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि देवनागरी ‘म’चा क्रमांक U+092E असा छापलेला दिसतो. पुढचं शून्य सोडलं तर 92E. प्रत्येक अंकाची नाणी शेजारीशेजारी मांडा: 9 म्हणजे 1001, 2 म्हणजे 0010, E म्हणजे 1110. झाली बायनरी. तेच बारा बिट उजवीकडून तीन-तीनचे गट करून वाचले की ऑक्टल मिळतं.

```
हेक्स      9    2    E
बायनरी   1001 0010 1110
बायनरी   100 100 101 110
ऑक्टल      4   4   5   6
```

यात बेरीज नाही, भागाकार नाही. सोळा म्हणजे एकाची चारदा दुप्पट केलेली संख्या आणि आठ म्हणजे तीनदा, त्यामुळे चार किंवा तीन बिटांचा गट शेजारच्या गटाला न विचारता आपला अंक ठरवतो. अशा दुप्पटीत दहा कधीच येत नाही, म्हणून दशमानाला ही सोय नाही. हे पडताळून पाहा: वरच्या बायनरीत 1001 मधला शेवटचा 1 पुसून 0 करा. हेक्समध्ये फक्त 9 चा 8 होतो, 82E. दशमानात मात्र 2350 चे 2094 होतात, एका बिटापायी तीन अंक बदलतात.

म्हणून दशमानाच्या वाटेवर हिशोब करावाच लागतो. हेक्सचे एकं, दहं, शतं म्हणजे 1, 16, 256:

```
9×256 + 2×16 + 14×1 = 2304 + 32 + 14 = 2350
```

उलट यायचं असेल तर सोळाने भागत जायचं आणि बाकी लिहीत जायची.

```
2350 ÷ 16 = 146   बाकी 14 → E
 146 ÷ 16 =   9   बाकी  2 → 2
   9 ÷ 16 =   0   बाकी  9 → 9
```

बाकी खालून वर वाचायची, कारण पहिली बाकी म्हणजे पूर्ण रुपये काढून घेतल्यावर उरलेले आणे, म्हणजेच सर्वांत उजवीकडचा अंक. वरून खाली वाचलं तर E29 येतं. ते 14 ने सुरू होतंय आणि ‘14×256’च साडेतीन हजारांवर जातात, हे पाहिलं की चूक लगेच उघड होते.

उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त सापडणाऱ्या दोन चुका गट पाडतानाच्या असतात. पहिली, गट डावीकडून पाडणं. 1101011 ही संख्या 107 आहे. उजवीकडून गट केले तर 0110 1011, म्हणजे 6B, आणि 6×16 + 11 = 107. डावीकडून केले तर 1101 011, म्हणजे D3, जे 211 होतात. आणे उजव्या टोकाला असतात, तिथूनच मोजायला लागायचं.

दुसरी चूक मधली शून्यं गिळण्याची. ‘अ’चा क्रमांक 905. कुणी 9 ला 1001, 0 ला 0 आणि 5 ला 101 लिहून 10010101 करतं. हे आठच बिट आहेत, तीन अंकांचे बारा हवेत. परत वाचलं तर 95 निघतं, 905 नाही. अगदी पहिल्या गटाची डावीकडची शून्यं सोडली तरी किंमत बदलत नाही, पण मधल्या प्रत्येक गटाने आपली चारही नाणी दाखवलीच पाहिजेत, दिली असोत वा नसोत.

हेक्स एवढं सोयीचं असताना ऑक्टल कशाला, असं विद्यार्थी विचारतात. लिनक्सच्या फाइल परवानग्यांत त्याचं उत्तर आहे. तिथे मालक, गट आणि इतर अशा प्रत्येकासाठी तीन बिट असतात: वाचणं 4, लिहिणं 2, चालवणं 1. `chmod 755` मध्ये 7 म्हणजे 111, मालकाला सगळं; 5 म्हणजे 101, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं. हेच हेक्समध्ये लिहिलं तर 1ED येतं आणि कोणाला काय दिलं ते डोळ्यांना दिसत नाही, कारण चाराचे गट माणसांच्या सीमा ओलांडून जातात.

इथे एक खड्डा आहे. पायथनमध्ये पुढची पहिली ओळ चालते, पण 755 तिथे दशमान धरलं जातं.

```python
os.chmod("a.sh", 755)     # चूक
os.chmod("a.sh", 0o755)   # बरोबर
```

दशमान 755 म्हणजे ऑक्टल 1363. शेवटच्या तीन अंकांतला पहिला 3 मालकाचा, 011: लिहिणं आणि चालवणं आहे, वाचणं गेलं. कुठलीही चूक स्क्रीनवर येत नाही, पण नंतर `ls -l` केलं की `-rwxr-xr-x` ऐवजी `--wxrw--wt` दिसतं. शेवटचा `t` त्या हजाराच्या जागेवरच्या 1 मुळे आलेला असतो. असं काही विचित्र दिसलं की आधी संख्येचा पाया तपासावा. सी आणि जावामध्ये याच्या उलट घडतं: संख्येआधी नुसतं शून्य लावलं की ती ऑक्टल होते, आणि रांगा सरळ दिसाव्यात म्हणून लिहिलेल्या 010 ची किंमत गुपचूप आठ होऊन बसते.