सोन्याचे अंदाज एवढे वेगवेगळे का?

जानेवारी उजाडला की बातम्या सुरू होतात. एक बँक म्हणते सोनं वर्षअखेरीस उसळी घेणार, दुसरी म्हणते घसरणार. वाचणाऱ्याला वाटतं, यातल्या एकाला तरी काही कळत नाही. पण बहुतेक वेळा दोघांनाही बरंच कळत असतं.

२०२४ चं उदाहरण घेऊ. लंडनच्या सराफा बाजाराची संघटना, एलबीएमए, दरवर्षी विश्लेषकांकडून अंदाज मागवते. त्या वर्षासाठी त्यांची सरासरी निघाली २,०५९ डॉलर प्रति औंस. प्रत्यक्षात वर्षभराचा सरासरी भाव २,३८६ डॉलर ठरला, म्हणजे चूक जवळपास १६ टक्क्यांची. ३१ डिसेंबरचा भाव मात्र २,६१० च्या आसपास होता. एकाच वर्षाचे हे दोन आकडे, दोन्ही खरे, आणि त्यांच्यात सव्वादोनशे डॉलरचं अंतर. म्हणून अंदाज वाचताना पहिला प्रश्न हा, की तो वर्षाच्या सरासरीचा आहे की शेवटच्या दिवसाचा? बातमीच्या मथळ्यात हे क्वचितच असतं.

आता खऱ्या मतभेदाकडे येऊ. सोनं व्याज देत नाही. अमेरिकी सरकारी रोख्यावर महागाई वजा जाता जे व्याज उरतं, त्याला वास्तव व्याजदर म्हणतात. तो वाढला की सोनं बाळगणं महाग पडतं आणि भाव उतरतो. तो घटला की भाव चढतो. २०२२ पर्यंतची सुमारे पंधरा वर्षं हे नातं इतकं चांगलं जुळत होतं, की बऱ्याच विश्लेषकांच्या गणिताचा तोच कणा झाला.

मग नातं ताणलं गेलं. २०२२ च्या सुरुवातीला दहा वर्षांच्या रोख्याचा वास्तव दर उणे एक टक्क्याच्या आसपास होता, ऑक्टोबर २०२३ पर्यंत तो अडीच टक्क्यांपर्यंत चढला. जुन्या गणिताप्रमाणे सोनं कित्येक शे डॉलरनी कोसळायला हवं होतं. पण २०२३ संपताना ते २,००० डॉलरच्या वर होतं. याचं एक मोठं कारण बहुतेक जण सांगतात: युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेली, आणि अनेक देशांच्या मध्यवर्ती बँका सोन्याकडे वळल्या. २०२२ पासून सलग तीन वर्षं त्यांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. व्याजदर पाहून सोनं घेणारं हे गिऱ्हाईक नव्हे.

आता दोन विश्लेषक समोर ठेवा. आकडे दोघांकडे तेच आहेत. पहिला म्हणतो, ही खरेदी ओसरेल आणि जुनं नातं परत येईल, म्हणजे आजचा भाव फुगलेला आहे. दुसरा म्हणतो, नातंच बदललं, म्हणजे भावाला अजून वाव आहे. समजा, वास्तव दर अर्ध्या टक्क्याने घटणार यावर दोघांचं एकमत आहे. तरीही त्यांच्या आकड्यांत शेकडो डॉलरचा फरक पडेल, कारण नुसत्या आकडेवारीवरून हा वाद आजच्या आज मिटत नाही. म्हणून अंदाजातल्या आकड्याआधी त्याची अट वाचावी: मध्यवर्ती बँकांची खरेदी किती धरली आहे, व्याजकपात किती वेळा धरली आहे? अट दिलीच नसेल, तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा.

आणि फरक मोठा दिसतो तो कशाच्या तुलनेत? सोन्याच्या भावाचा वार्षिक चढउतार ढोबळमानाने १५ टक्के असतो. २०२४ ची सुरुवात २,०६० च्या आसपास झाली. म्हणजे वर्षअखेरीस भाव १,७५० ते २,३७० मध्ये असण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश, आणि बाहेर पडण्याची एक-तृतीयांश. तो बाहेर पडलाच. सहा महिन्यांसाठी हा पट्टा निम्मा होत नाही, कारण तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात रुंदावतो. १५ चे साडेसात नाही, तर साडेदहा टक्के होतात. या पट्ट्याशेजारी अंदाज मांडून पाहिले, तर दोन बँकांमधला दीडदोनशे डॉलरचा फरक किरकोळ वाटतो. ‘उद्दिष्ट वाढवलं’ ही बातमीही पुष्कळदा भाव वाढून गेल्यावर येते. ती भविष्याबद्दल फारसं सांगत नाही.

‘सोनं कधी पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी २०१३ आठवावं, भाव एका वर्षात चौथाईहून अधिक उतरला होता. गुरुपुष्य साधून केलेली खरेदीही त्यातून सुटली नाही.

आपल्याला सोनं रुपयांत घ्यायचं असतं, तेव्हा आणखी दोन पायऱ्या आहेत. २०२४ अखेरचे २,६१० डॉलर प्रति औंस म्हणजे दहा ग्रॅमला सुमारे ८३९ डॉलर. डॉलर ८५.६ रुपये धरला तर ७१,८०० रुपये, त्यावर तेव्हाचं ६ टक्के आयात शुल्क मिळून ७६,१०० च्या आसपास, आणि वर ३ टक्के जीएसटी. जुलै २०२४ मध्ये शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं नसतं, तर हाच भाव जीएसटीआधीच ८२,६०० झाला असता. लंडनचा अंदाज तंतोतंत खरा ठरला असता, तरी त्यात हे साडेसहा हजार कुठेच नव्हते.