प्रश्नक्रम (तज्ज्ञांची व्हिडिओ मुलाखत)

प्रश्नक्रम : तज्ज्ञाची मुलाखत कॅमेऱ्यावर घेताना प्रश्न कुठल्या ओळीने विचारायचे, उपप्रश्न कुठे टाकायचा आणि लांबलेलं उत्तर नंतर कुठून कुठवर ठेवायचं याच्या खुणा, हे सगळं मिळून प्रश्नक्रम. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या जातात खऱ्या, पण काम करताना त्या एकमेकींत अडकलेल्या असतात.

मोकळ्या प्रश्नापासून नेमक्या प्रश्नाकडे जायच्या क्रमाला फनेल म्हणतात. त्याचा उगम एका जागी बोट ठेवून दाखवणं अवघड आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी १९४६ मध्ये केंद्रित मुलाखतीवर लिहिताना सुरुवात मोकळी ठेवा आणि नेमकेपणा हळूहळू आणा असं मांडलं, म्हणजे विचारणाऱ्याची चौकट उत्तरावर आधीच बसत नाही. जॉर्ज गॅलपने १९४७ मध्ये जनमत चाचणीसाठी पाच पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिली म्हणजे समोरच्याला विषय माहीत तरी आहे का हे तपासणं, आणि पुढे मोकळं मत, नेमका मुद्दा, कारण आणि मत किती पक्कं आहे ते. १९५७ मध्ये मुलाखतीचे अभ्यासक रॉबर्ट कान आणि चार्ल्स कॅनेल यांनी फनेल आणि उलटं फनेल अशी दोन्ही रूपं चर्चेत घेतली. तज्ज्ञांच्या मुलाखतीला मर्टनची वाट जास्त जवळची वाटते, कारण गॅलपची रचना हजारो लोकांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवायला आहे, आणि तज्ज्ञाला विषय माहीत आहे का हा प्रश्नच इथे उरत नाही.

अडचण वेगळीच आहे. तज्ज्ञाला पूर्ण मोकळा प्रश्न दिला की लेक्चर सुरू होतं. म्हणून पहिला प्रश्न मोकळा पण छोट्या जागेतला ठेवतात. उदाहरणार्थ काँक्रीटच्या इंजिनिअरला स्लॅब ओला ठेवण्याबद्दल विचारायचं असेल तर ‘क्युरिंगबद्दल सांगा’ असं न म्हणता ‘स्लॅब ओतल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही काय बघता?’ असं विचारलं की ते हाताने दाखवत बोलायला लागतात. मग ‘पाणी कमी पडलं तर आत काय होतं?’, मग ‘किती दिवस ओलं ठेवायचं?’, आणि साइटवर लोक काय चुकवतात हा टोचणारा प्रश्न शेवटी, विश्वास बसल्यावर.

आता समजा ‘किती दिवस?’ चं उत्तर ०६:१० ला सुरू झालं आणि १०:०५ ला संपलं. ०६:४८ पर्यंत प्रस्तावना, ०७:२० पर्यंत मुख्य गोष्ट (सिमेंट नुसतं वाळून नाही तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, पाणी उडून गेलं की ती क्रिया थांबते, म्हणून सात दिवस ओलं ठेवायचं), मग साइटवरचा एक किस्सा, मग २८ दिवसांच्या ताकदीची चाचणी, आणि शेवटी सिमेंटमध्ये फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, असेल तर वेळ जास्त लागतो हे जाता जाता. इथे मुलाखतकार १०:०८ ला विचारतो, ‘म्हणजे सात दिवस सगळ्यांना पुरतात?’ आणि १०:१२ ते १०:३४ मध्ये उत्तर येतं, ‘नाही, सात हे साध्या सिमेंटसाठी किमान, फ्लाय अॅश मिसळलेलं असेल तर दहा तरी.’ ०६:४८ ते ०७:२० आणि १०:१२ ते १०:३४ जोडलं की ५४ सेकंदांत काम झालं. एडिटिंगची खरी सुरुवात त्या उपप्रश्नाने झाली. फक्त पहिला तुकडा ठेवून वरून ‘सात दिवस’ अशी पाटी लावली असती तर अट गळून सल्ला चुकीचा झाला असता, म्हणून अशा अटींच्या वाक्याला ट्रान्सक्रिप्टवर गोल करून ‘कापू नये’ लिहितात.

खुणांची पद्धत साधी आहे. ठेवायचा भाग चौकोनी कंसात, वगळायच्या भागावर रेघ, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, शेजारी त्या जागेची वेळ म्हणजे टाइमकोड. चुंबकीय टेपच्या काळात रेडिओवाले टेपच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलने खूण करून ब्लेडने कापत, आणि सेकंदाला १९ सेंमी वेगाच्या टेपवर अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेनऊ सेंमीचा तुकडा, तो डोळ्यांनी मोजता यायचा. व्हिडिओत टाइमकोड साधारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस आला असं मानतात. आज बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये M ने मार्कर, I आणि O ने आत-बाहेरचे बिंदू लागतात.

कट बरोबर बसलाय का हे डोळे मिटून ऐकलं की कळतं. आवाज वर चढत असताना तोडलं तर पुढचं वाक्य गायब झाल्यासारखं ऐकू येतं, कागदावर मात्र तिथे पूर्णविराम दिसत असतो. म्हणून वाक्य खाली उतरल्यावर, पुढचा श्वास घ्यायच्या आधी कापायचं आणि दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद जास्तीचा राखून ठेवायचा. जोडावर डोकं उडी मारल्यासारखं दिसत असेल तर स्लॅबवर पाणी मारतानाचा शॉट वरून टाकतात. आवाजाचा जोड झाकायला त्याच खोलीतली शांतता तीसेक सेकंद रेकॉर्ड करून ठेवावी लागते, ती तज्ज्ञ उठून जायच्या आधीच.