लिम्फोमाचा पेट स्कॅन: गाठ उरली, पण त्यात काय उरलंय?

नाशकात सिडकोत राहणारी ओळखीतली एक पंचविशीतली मुलगी, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा एक कॅन्सर. पहिल्या पेट स्कॅनमधे छातीत मधोमध ११ सेंटिमीटरचा गाठींचा गठ्ठा आणि मानेत डाव्या बाजूला काही गाठी. दोन्ही जागा पोटाच्या पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या वरच, म्हणून स्टेज २, पण गठ्ठा मोठा म्हणून 'बल्की'. केमोच्या दोन सायकल झाल्यावर परत स्कॅन केला तर रिपोर्टमधे ४ सेंटिमीटरची गाठ शिल्लक आणि तिच्यात 'थोडा अपटेक'. वडलांचा लगेच फोन, "काका, आजार राहिलाय हो अजून." घाबरणं साहजिकच आहे, पण हा 'थोडा' किती आणि कशाच्या तुलनेत हे बघितल्याशिवाय त्यातून काहीच निघत नाही.

स्कॅनच्या आधी शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेली साखर. जी पेशी साखर जास्त ओढते ती जागा उजळ दिसते, रिपोर्टमधला 'अपटेक' तो हाच. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणजे समजा डोस मुंबईहून कसारा घाट चढून येतोय आणि चार तास गेले तर निघताना होता त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी उरतो, म्हणून सेंटरवाले वेळेच्या बाबतीत एवढे कडक असतात. सहाएक तास उपाशी राहायचं, शुगर २०० च्या आत हवी, आणि इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचं. फार बोललं, हातपाय हलवले, थंडी वाजली तर स्नायू आणि मानेतली ब्राऊन फॅट साखर ओढतात आणि मानेत नसलेल्या गाठी दिसल्यासारखं होतं.

आता खरी गोष्ट. साखर फक्त कॅन्सरच ओढतो असं नाही. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सर पेशी बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपासच असतात, बाकी सगळी शरीरानेच तिथे जमवलेली साध्या पेशींची गर्दी आणि मधे मधे तंतूंचे जाड पट्टे. केमोने कॅन्सर पेशी मेल्या, गर्दी पांगली, तरी ते पट्टे तिथेच राहतात आणि गाठ आक्रसून व्रणासारखी घट्ट होते. सीटीत ती गाठच दिसणार, कारण सीटी आकार दाखवतो, आत कोण जिवंत आहे ते नाही. त्यात घर पाडल्यावर राडारोडा उचलायला मजूर येतात तशा मॅक्रोफेज पेशी मेलेला भाग साफ करायला येतात, आणि त्या कामाला त्यांनाही साखर लागते. तोच तो थोडासा उजेड.

मग आजाराचा उजेड आणि सफाईचा उजेड वेगळा कसा ओळखायचा? त्यासाठी डोविल स्कोर आहे, २००९ साली फ्रान्समधल्या डोविल गावी तज्ज्ञ जमले होते तिथे ठरलेला. गाठीतला उजेड पेशंटच्याच शरीरातल्या दोन जागांशी ताडून बघतात, छातीतलं रक्त आणि लिव्हर. काहीच नाही तर १, रक्ताएवढा किंवा कमी तर २, रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही तर ३, लिव्हरपेक्षा जास्त तर ४, खूपच जास्त किंवा नवीन जागी आजार दिसला तर ५. या मुलीच्या गाठीतल्या उजेडाचा आकडा सुरुवातीला १४ होता, आता २.३, त्याच स्कॅनमधे रक्ताचा १.७ आणि लिव्हरचा २.८. म्हणजे स्कोर ३. नेहमीच्या उपचारात १ ते ३ ला चांगला प्रतिसाद धरतात, त्यामुळे तिची केमो वाढवली नाही, उलट केमोतलं फुफ्फुसाला त्रास देणारं ब्लिओमायसिन हे औषध बंद केलं.

मात्र ३ आला म्हणजे एकही पेशी उरली नाही अशी हमी नाही, मूठभर पेशींचा उजेड मशीनला दिसतच नाही. आणि ४ आला म्हणजे आजार आहेच असंही नाही, इन्फेक्शन, आपल्याकडे टीबीसुद्धा, तेवढाच उजळतो. अशा वेळी काही आठवड्यांनी परत स्कॅन किंवा शक्य असेल तर त्या गाठीचा तुकडा काढून तपासणी, आणि माझ्या मते उपचार बदलून जड केमो किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट सुरू करायच्या आधी तुकड्याचा आग्रह धरावाच. वेळही महत्त्वाची. उपचार संपल्यावरचा स्कॅन केमोनंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि रेडिएशन दिलं असेल तर तीनेक महिन्यांनी, नाहीतर सफाईची सूजच आजारासारखी दिसते.

तिचा शेवटचा स्कॅन सातव्या आठवड्यात झाला. गाठ ३ सेंटिमीटरची, उजेड रक्तापेक्षा कमी, स्कोर २. पण छातीच्या हाडामागे एक नवीन त्रिकोणी उजळ भाग आला होता आणि घरात परत रडारड. तो थायमस होता, तरुण पेशंटमधे केमोत आक्रसलेली ही ग्रंथी नंतर परत वाढते तेव्हा साखर ओढते, आणि दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला तो आकार बघून रेडिऑलॉजिस्टने रिपोर्टमधे तसं स्पष्ट लिहिलं होतं.