पोटरीत गोळा आला तर पाय हिसकू नका

रविवारी बॅडमिंटनची स्पर्धा झाली की सोमवारी आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "पाणी प्यायलो, केळी खाल्ली, तरी तिसऱ्या मॅचला गोळा का आला?"

बहुतेक वेळा कारण थकवा असतं. स्नायूला आवळायला लावणारे आणि सैल सोडायला लावणारे संदेश एरवी एकमेकांना तोलून धरतात. स्नायू फार दमला की आवळण्याचे संदेश वरचढ होतात. म्हणून गोळा सर्वांत जास्त राबलेल्या पोटरीतच येतो. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या रक्ततपासण्यांत गोळे आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं सोडियम जवळपास सारखंच आढळलं आहे. तरीही घाम भरपूर येत असेल, शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे उमटत असतील, तर नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून थोडं थोडं प्या. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरं नुकसान होतं ते गोळा आल्यानंतर. आमचे एक बेचाळिशीतले ग्राहक आठवड्यातून दोनदा पाऊण तास खेळतात. स्पर्धेत एका दिवसात तीन मॅच झाल्या आणि शेवटच्या गेममध्ये पोटरी दगडासारखी झाली. जोडीदाराने पाऊल धरून हिसका दिला, स्प्रे मारला आणि दोन मिनिटांत ते पुन्हा कोर्टवर उतरले. पुढच्याच उडीला स्नायू फाटला. पाच मिनिटांचं दुखणं तीन आठवड्यांचं झालं.

गोळा आला की खाली बसा, गुडघा सरळ ठेवा आणि पाऊल सावकाश आपल्याकडे ओढून तीसेक सेकंद धरा. ताण बसला की सैल सोडण्याचे संदेश वाढतात. पोटरी मऊ झाल्यावर थोडं चाला. चवड्यांवर उभं राहता आलं तरच खेळा. मागून कुणीतरी फटका मारल्यासारखं वाटलं, एकाच जागी दाबल्यावर दुखतंय किंवा काळंनिळं पडलंय, तर तो गोळा नाही. त्याला मालीश नकोच.

"मालीश सोडून टाचा काय वर करायला लावता?" अशी तक्रार आम्ही ऐकतो. मालिशीने बरं वाटतं, पण तिसऱ्या मॅचची ताकद तिच्यातून येत नाही. ती पायरीवर उभं राहून टाच वर नेत, मग सावकाश खाली सोडत केलेल्या व्यायामातून येते. सोबत सरावाचा वेळही हळूहळू स्पर्धेएवढा वाढवावा लागतो. त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको, सहा आठवडे आधी या. तुमच्या पोटऱ्या किती वेळा टाच उचलू शकतात ते मोजून आम्ही वेळापत्रक लिहून देतो.

अंगभर गोळे येत असतील, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा लघवी चहासारखी गडद होत असेल, तर मात्र आमच्याकडे न येता थेट इस्पितळात जा.